फॅक्टशीटचा फोटो बघून फंड घेताय? या चुका टाळा

मागच्या आठवड्यात घरच्या ग्रुपवर मावसभावाने छोट्या कंपन्यांत गुंतवणाऱ्या एका स्मॉलकॅप फंडाच्या फॅक्टशीटचा, म्हणजे दर महिन्याच्या माहितीपत्रकाचा फोटो टाकला, रिटर्नच्या आकड्याभोवती लाल गोल, आणि खाली लिहिलेलं, "ताई ५ वर्षं दरवर्षी ३३ टक्के दिलेत, आईच्या एफडीचे ५ लाख सुटतायत ते यात टाकू का?" असे फोटो सगळ्यांकडेच येतात आणि चुकाही सगळ्यांच्या त्याच होतात, म्हणून त्याला जे सांगितलं ते इथे नीट लिहितेय.

पहिली चूक म्हणजे तारीख न बघणं. फोटो झूम केला तर टेबलाखाली बारीक अक्षरात "३१ मार्च २०२५ रोजी" असं होतं. म्हणजे फोटो जुना आहे हे तर झालंच, पण खरी गोष्ट वेगळी आहे. ५ वर्षांचा रिटर्न काढताना फक्त दोन दिवसांची एनएव्ही, म्हणजे फंडाच्या एका युनिटची किंमत घेतात, पहिल्या दिवसाची आणि शेवटच्या दिवसाची, मधे काय झालं ते त्यात येतच नाही. आता ३१ मार्च २०२५ पासून ५ वर्षं मागे गेलं तर कुठे पोचतो? ३१ मार्च २०२०, म्हणजे लॉकडाउन लागून आठवडासुद्धा झाला नव्हता आणि मार्केट खड्ड्यात होतं.

निफ्टी ५० वरच करून बघा, आकडे सगळ्यांना तपासता येतात (यात डिव्हिडंड धरलेला नाही). ३१ मार्च २०२० ला निफ्टी ८,५९८ वर बंद झाला आणि मार्च २०२५ च्या शेवटी २३,५१९ वर. हा हिशोब वर्षाला साधारण २२ टक्के येतो. आता फक्त तीन महिने मागे सरका. ३१ डिसेंबर २०१९ ला निफ्टी १२,१६८ होता आणि ३१ डिसेंबर २०२४ ला २३,६४५, आणि इथे वर्षाला येतात साधारण १४ टक्के. डिसेंबर २०२४ ते मार्च २०२५ या काळात निफ्टी थोडा खालीच आला होता, तरी "५ वर्षांचा रिटर्न" १४ वरून २२ झाला, कारण शेवट जवळपास तिथेच होता आणि सुरुवात खड्ड्यात जाऊन बसली. फंड मॅनेजरने त्या तीन महिन्यांत काही जादू केलेली नाही. आणि हेच उलटंही होतं, मार्च-एप्रिल २०२० च्या तारखा ५ वर्षांच्या बाहेर गेल्या की तोच आकडा आपोआप उतरतो आणि लोक म्हणतात फंड बिघडला.

यावर उपाय सोपा आहे. फंड हाउसच्या वेबसाइटवर जुन्या महिन्यांच्या फॅक्टशीट पडलेल्या असतात, त्यातल्या वेगवेगळ्या वर्षांच्या चार-पाच उघडायच्या आणि प्रत्येकीत ५ वर्षांचाच कॉलम बघायचा. एकात १२, एकात ९, एकात ३३ असं दिसलं की ३३ वर भरवसा ठेवायचा का ते तुमचं तुम्हालाच कळतं. अजून एक, हा आकडा एकरकमी पैसे टाकले असते तर काय झालं असतं त्याचा असतो, एसआयपीचं टेबल वेगळं असतं, दोन्ही एकमेकांत मिसळू नका.

दुसरी चूक, बेंचमार्कचा, म्हणजे ज्या इंडेक्सशी फंडाची तुलना होते त्याचा कॉलम सोडून देणं. आमच्या फोटोत तर तो कापलेलाच होता, फंडाच्या कॉलमपाशी फोटो संपत होता. मी पूर्ण पीडीएफ काढली तर शेजारी दोन कॉलम निघाले, एक निफ्टी स्मॉलकॅप २५० टीआरआय आणि दुसरा निफ्टी ५० टीआरआय. दुसऱ्याला अ‍ॅडिशनल बेंचमार्क म्हणतात, तो फक्त एकूण मार्केटचा अंदाज यावा म्हणून दिलेला असतो. स्मॉलकॅप फंड त्याच्यापुढे ठेवला तर चढत्या काळात भारीच दिसणार, पण तुलना करायची ती पहिल्याशी, आणि तिथे हा फंड मागे होता! म्हणजे ३३ टक्के आले ते त्या काळात सगळेच स्मॉलकॅप वर गेले म्हणून, आणि मॅनेजरने निवडून घेतलेले शेअर त्या सरसकट टोपलीपेक्षाही कमीच पडले. मला विचाराल तर अख्ख्या फॅक्टशीटमधली सगळ्यात कामाची गोष्ट हाच फरक आहे, कारण सुरुवातीची तारीख खड्ड्यात असली तरी दोघांचीही तिथेच असते.

टीआरआय म्हणजे डिव्हिडंड परत गुंतवला असं धरून काढलेला इंडेक्स. सेबीने फेब्रुवारी २०१८ पासून फंडांना याच्याशीच तुलना करायला लावलं, त्याआधी साध्या इंडेक्सशी करायचे, म्हणजे फंडाला मिळालेला डिव्हिडंड मोजायचा आणि इंडेक्सचा नाही. कोणी स्वतः बनवलेला चार्ट पाठवला तर त्यात टीआरआय आहे का ते विचारा, निफ्टीत यानेच वर्षाला एक-सव्वा टक्क्याचा फरक पडतो.

आता एक्स्पेन्स रेशो, म्हणजे फंड चालवायचा वर्षाचा खर्च, समजा तो १.८ टक्के आहे. इथे दोन उलट्या चुका होतात. काही लोक ३३ मधून १.८ वजा करून ३१.२ धरतात, तसं करायचं नाही, खर्च रोजच्या एनएव्हीतून आधीच कापलेला असतो आणि रिटर्न त्यानंतरचाच असतो. ५ लाखांवर १.८ टक्के म्हणजे वर्षाला ९,००० रुपये, दिवसाला साधारण २५, फक्त स्टेटमेंटमध्ये ती कपात वेगळी दिसत नाही म्हणून जाणवत नाही. दुसरी चूक जास्त महाग पडते, फोटोतला रिटर्न कधीकधी एजंटशिवाय थेट घेतलेल्या डायरेक्ट प्लॅनचा असतो आणि एजंटकडून घेतलेला प्लॅन रेग्युलर. समजा डायरेक्टचा खर्च ०.७ आहे आणि रेग्युलरचा १.८, आणि खर्चाआधीची वाढ वर्षाला १२ टक्के धरली, तर ५ लाखांचे १५ वर्षांनी डायरेक्टमध्ये सुमारे २४.९ लाख होतात आणि रेग्युलरमध्ये सुमारे २१.५ लाख. एजंट खरंच सल्ला देत असेल, वेळेला थांबवत असेल तर ते पैसे त्याच्या कामाचे आहेत, पण देतोय किती ते माहीत पाहिजे. स्टेटमेंटवर स्कीमच्या नावातच डायरेक्ट की रेग्युलर ते लिहिलेलं असतं, आत्ताच बघून घ्या.

राहिला रिस्कोमीटर, फंडाची जोखीम दाखवणारं ते अर्धगोल मीटर. जानेवारी २०२१ पासून त्यात सहा पायऱ्या आहेत, सगळ्यात वरची व्हेरी हाय, आणि दर महिन्याला फंडात प्रत्यक्ष काय आहे त्यावरून तो काढतात, म्हणून जुन्या फोटोतला काटा आज तिथेच असेल असं नाही. भाऊ म्हणाला, "ताई व्हेरी हाय तर लार्जकॅपवर पण लिहिलेलं असतं, म्हणजे दोन्ही सारखेच ना?" नाही रे. वरची पायरी संपली की पुढे मोजायला मीटरमध्ये जागाच नाही, म्हणून लार्जकॅप आणि स्मॉलकॅप बहुतेक वेळा एकाच घरात येतात. फरक बघायचा तर त्याच फॅक्टशीटमध्ये स्टँडर्ड डेव्हिएशनचा आकडा असतो, जितका मोठा तितके हेलकावे जास्त, दोन फंडांचा एकाच महिन्याचा घेऊन शेजारी ठेवा.

आणि व्हेरी हाय म्हणजे रुपयात किती, तर परत त्याच तीन महिन्यांकडे जा. ३१ डिसेंबर २०१९ चा १२,१६८ निफ्टी २३ मार्च २०२० ला ७,६१० वर बंद झाला, म्हणजे ५ लाखांचे सुमारे ३ लाख १३ हजार, आणि हे देशातल्या सगळ्यात मोठ्या ५० कंपन्यांचं झालं. ज्या पडझडीमुळे फोटोत ३३ टक्के दिसत होते, तीच पडझड त्या मीटरच्या काट्यात आहे, फक्त लाल गोल एकाच आकड्याभोवती होता.

मावशीला ते पैसे दोन वर्षांनी गुडघ्याच्या ऑपरेशनला लागणार आहेत. मी भावाला म्हटलं, ऑपरेशनची तारीख अशा खड्ड्यात आली तर काय करशील? त्याने एफडी परत दोन वर्षांसाठी लावली, आणि स्वतःच्या एसआयपीसाठी आता तो जुन्या फॅक्टशीट काढून बेंचमार्कचा कॉलम वहीत लिहितोय.