तपासणी आठवड्यात बसवायची कशी? शिक्षकांसाठी नियोजन

समजा, आठवड्याच्या 48 तासिकांपैकी 36 शिकवायच्या आहेत आणि 12 रिकाम्या. या बारांवर आखणी करू नका. कोणी रजेवर गेलं की बदली तास येतोच, म्हणून तीन आधीच सोडून द्या आणि नऊच हातात आहेत असं धरा. 35 मिनिटांच्या तासिकेत वर्गातून येण्याजाण्यात पाच मिनिटं जातात. कामाची उरतात तीस.

टाचणाला दोन तासिका पुरतात, कारण एकाच इयत्तेच्या तिन्ही तुकड्यांना तोच पाठ चालतो. त्या आठवड्याच्या सुरुवातीलाच वापरा.

खरी अडचण पेपर तपासण्याची. तीन तुकड्यांचे 120 पेपर, प्रत्येकात पाच प्रश्न आणि एका उत्तराला पाऊण मिनिट, म्हणजे नुसत्या तपासणीला 15 तासिका. त्या नऊमध्ये बसणारच नाहीत. ‘रविवारी एका बैठकीत उरकून टाका’ हा सल्ला सर्रास दिला जातो, आणि तो वाईट आहे. थकल्यावर हात सैल तरी पडतो नाहीतर कडक तरी होतो, आणि गठ्ठ्याच्या तळाशी असलेल्या मुलांवर अन्याय होतो. चाचणीच तुकडीवार घ्या: या आठवड्यात अ, पुढच्या आठवड्यात ब, मग क. प्रश्न मात्र प्रत्येक तुकडीला वेगळे काढा, नाहीतर ते आधीच फुटलेले असतात.

आता 40 पेपर उरले. ते एकेक करून संपवू नका, प्रश्नवार तपासा. एका तासिकेत चाळीसही पेपरांचा फक्त पहिला प्रश्न. पाऊण मिनिटाने बरोबर तीस मिनिटं होतात. सुरुवातीच्या पाच पेपरांवर गुण पेन्सिलने द्या. मुलं उत्तर कोणकोणत्या तऱ्हेने लिहितात ते तिथे कळतं. अर्धा गुण कशाला द्यायचा हे ठरवून कागदावर लिहा आणि मगच लाल पेन उचला. दुसऱ्या प्रश्नाआधी गठ्ठा पिसून घ्या, म्हणजे दरवेळी तेच पेपर शेवटी येत नाहीत. घंटा झाली तर प्रश्न अर्धा ठेवू नका. दोन दिवसांनी त्याच उत्तराला वेगळे गुण पडतात, आणि मुलं पेपर शेजारी ठेवून ते लगेच पकडतात. चार-पाच पेपर राहिले असतील तर मधल्या सुट्टीत संपवा. अशा पाच तासिका झाल्या की सहावी बेरीज आणि गुणनोंदीसाठी.

एखादा प्रश्न दीर्घोत्तरी असेल तर पाऊण मिनिटात भागणार नाही. त्याला दोन तासिका द्या आणि चाचणीत एक प्रश्न कमी ठेवा.

उरलेली नववी तासिका पालकांची. ती शनिवारी, गुणनोंद झाल्यावरच ठेवा आणि तिघांनाच दहा-दहा मिनिटांची वेळ द्या. पेपर समोर उघडा, चुकलेलं एकच उत्तर दाखवा आणि घरी काय करून घ्यायचं ते सांगा. लगेच पुढे वर्ग असेल तर शेवटच्या पालकांची वेळ कापली जाते, म्हणून यासाठी दिवसाची शेवटची तासिका निवडा.