उन्हाळी शिबिराचं पाच दिवसांचं वेळापत्रक: या चुका टाळा

सोसायटीचा हॉल, सहा ते दहा वर्षांची २५ मुलं, सोमवार ते शुक्रवार, सकाळी ८ ते १२. कागदावर सगळं नीट बसतं आणि पहिल्याच दिवशी पाऊण तास मागे पडतं. बहुतेक वेळा घोळ दोन कार्यक्रमांच्या मधल्या वेळेत असतो, कारण ती कोणी धरलेलीच नसते.

हात धुण्याचंच बघा. नळ एक आणि प्रत्येकाला अर्धा मिनिट, म्हणजे १२-१३ मिनिटं गेली. शिवाय रांगेत ढकलाढकली होते, ती वेगळीच. बाहेर आणखी दोन बादल्या आणि मग ठेवा आणि खेळातून आठ-आठ मुलं सोडा. मैदानी खेळ सव्वाआठ ते सव्वानऊ एवढेच घ्या, कारण मे महिन्यात त्यानंतर ऊन चटके देतं. साडेनऊला खाऊ. २५ मुलांना दीड किलो पोहे पुरतात, मात्र शेंगदाणे वेगळे ठेवा आणि कोणाला काय चालत नाही ते नावनोंदणीच्या अर्जातच विचारून घ्या. खाल्ल्यावर लगेच पळायला लावलं की पोटात दुखतं. म्हणून पंखे लावून सतरंजीवर २० मिनिटं आडवं व्हायचं आणि एकाने गोष्ट वाचायची. झोपा म्हटलं की कोणी झोपत नाही, तेव्हा तो हट्ट नको.

हस्तकलेत हमखास होणारी चूक म्हणजे ओली वस्तू एका दिवसात संपवायला जाणं. कागदाचा मुखवटा घ्या. सोमवारी फुग्यावर कागदाच्या पट्ट्यांचे तीन थर खळीने चिकटवा. मंगळवारी त्याला हात लावू नका, त्या दिवशी घडीकाम घ्या. बुधवारी बोटाने दाबून पाहा: गार किंवा मऊ लागला तर आतून ओला आहे. तसाच रंगवला तर रंग सुरकुततो आणि दोन दिवसांत कुबट वास येतो. कोकणातल्या दमट हवेत हे जास्त होतं, तिथे दोनच थर द्या. वाळला असेल तर बुधवारी फुगा फोडून रंग, गुरुवारी सजावट. शुक्रवारी फक्त इलॅस्टिक लावायचं, ओलं काम अजिबात नको.

सगळ्यात जास्त गोंधळ घरी जाताना होतो. पालक पावणेबारापासून येऊ लागतात आणि त्याच वेळी मुलं रंगात हात बुडवून बसलेली असतात. ११.३५ ला आवराआवर करा, बाटल्या आणि टोप्या पिशवीत जाऊ द्या आणि मग भेंड्या किंवा कोडी घ्या. एखादं मूल मधूनच उठून गेलं तरी त्यांचा खेळ मोडत नाही. दार एकच उघडं ठेवा. तिथे यादी घेऊन एकजण बसेल आणि घ्यायला आलेल्याचं नाव यादीत असेल तरच हाक मारेल. "मी तिचा मामा" एवढं पुरत नाही, आईला फोन लावायचा.

शुक्रवारी पालकांना सव्वाअकराला कार्यक्रमासाठी बोलावलं की मुलं मध्येच आईकडे धावतात आणि कोण गेलं, कोण राहिलं ते कळत नाही. त्या दिवशी मुखवटे आधी देऊ नका, दाराशी यादीवर खूण झाली की तिथेच हातात द्या.