या चुका टाळा: सणाच्या गर्दीत दुकानाचा बिलिंग कॉम्प्युटर घरून बघताना

छोट्या गावातलं कापडाचं दुकान. सणाच्या आधीची संध्याकाळ, काउंटरवर पुतण्या आणि समोर गिऱ्हाइकांची रांग. पाय मुरगळल्यामुळे काका घरी बसून आहेत, पण जीव दुकानात. आज विक्री किती झाली एवढंच त्यांना बघायचं आहे. घरच्या लॅपटॉपवर ते विंडोजचा रिमोट डेस्कटॉप उघडतात, दुकानाच्या कॉम्प्युटरचं युजरनेम आणि पासवर्ड टाकतात आणि लगेच आत जातात. त्याच क्षणी काउंटरवरचा स्क्रीन लॉक होतो. पुतण्याचं चौदा नगांचं बिल चालू होतं, त्यातले नऊ नग टाकून झाले होते.

पहिली आणि सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. रिमोट डेस्कटॉप म्हणजे दुकानाच्या स्क्रीनमध्ये लांबून डोकावणं, असा अनेकांचा समज असतो. प्रत्यक्षात तुम्ही तो कॉम्प्युटर ताब्यात घेता. दुकानात असतं ते साधं विंडोज, म्हणजे Windows 10 किंवा 11 ची Pro आवृत्ती, आणि त्यावर एका वेळी एकच माणूस काम करू शकतो. घरून त्याच खात्याने लॉगिन केलं की काउंटरवर काही न विचारता लॉक स्क्रीन येतो. वेगळ्या खात्याने आलात तर काउंटरवर परवानगी मागणारी खिडकी येते, पण थोडा वेळ कोणी उत्तर दिलं नाही तर तिथला माणूस बाहेर फेकला जातो. गर्दीत ती खिडकी वाचायला कोणाला सवड असते?

आता पुढे काय झालं ते नीट बघा, कारण खरं नुकसान लॉक स्क्रीनने केलं नाही. पुतण्याला वाटलं कॉम्प्युटर अडकला. त्याचा हात पॉवरच्या बटणाकडे गेला होता, पण आधी त्याने पासवर्ड टाकून बघितला. स्क्रीन परत आला आणि इकडे काकांचं कनेक्शन तुटलं. काकांना वाटलं नेट गेलं, त्यांनी पुन्हा जोडलं. पुन्हा काउंटर लॉक. या वेळी काकांना समोर अर्धवट बिल दिसलं. पोराला मदत होईल म्हणून त्यांनी ते सेव्ह करून प्रिंट दिलं, आणि बिल बाहेर आलं घरच्या प्रिंटरमधून. तेवढ्यात पुतण्या पुन्हा आत आला. त्याच्यासमोर कोरं बिल. त्याला वाटलं आपलं बिल उडालं, म्हणून त्याने चौदाही नग पहिल्यापासून टाकले, बिल काढलं आणि पैसे घेतले.

रात्री गल्ला मोजला तर प्रोग्रॅममधल्या विक्रीपेक्षा रोकड कमी. अशा वेळी दुकानात पहिला संशय माणसावर जातो, आणि हे मला फार लागतं, कारण पोराने काहीच चुकीचं केलेलं नसतं. गर्दीच्या दिवशी घरून कोणी लॉगिन केलं असेल, तर कोणाला काही बोलण्याआधी त्या वेळेची बिलं उघडून बघा. एकापाठोपाठ दोन बिलं, वेळेत काही मिनिटांचं अंतर, आणि पहिल्या बिलातले सगळे नग दुसऱ्या बिलातही त्याच क्रमाने, अशी जोडी सापडली की उलगडा झाला. काकांच्या बाबतीत पहिल्यात नऊ नग होते, दुसऱ्यात चौदा, आणि गल्ल्यातली तूट बरोबर त्या नऊ नगांच्या बिलाएवढी. स्टॉकमधूनही तेच नऊ नग दोनदा वजा झाले होते, म्हणजे रॅकमध्ये माल जास्त आणि कॉम्प्युटरमध्ये कमी. असं बिल डिलीट करू नका, रद्द करा. रद्द केलं की बिलाचा नंबर जागेवर राहतो आणि माल स्टॉकमध्ये परत येतो. डिलीट केलं की नंबरांच्या मालिकेत खड्डा पडतो आणि नंतर हिशेब तपासणारा त्याचा जाब विचारतो. रद्द केल्यावर त्यातला एखादा नग उघडून त्याची शिल्लक वाढली का तेही बघून घ्या.

बिल घरी का छापलं गेलं, याचं कारण साधं आहे. रिमोट डेस्कटॉप जोडताना घरचा प्रिंटरही सोबत नेतो आणि तोच त्या वेळेपुरता मुख्य प्रिंटर होतो. प्रिंटरच्या यादीत नावापुढे `redirected` असं दिसलं की समजायचं, तो दुकानाचा नाही. टाळायचं असेल तर जोडण्याआधी `Show Options` दाबून `Local Resources` मध्ये `Printers` समोरची खूण काढा आणि सेटिंग सेव्ह करून ठेवा.

चुकून आत गेलातच तर बाहेर कसं पडायचं, हे घरच्या आणि दुकानातल्या दोघांनाही माहीत हवं. वरच्या पट्टीवरची फुली दाबली की फक्त कनेक्शन तुटतं; प्रोग्रॅम आणि अर्धवट बिल आहे तसंच राहतं आणि काउंटरवर पासवर्ड टाकला की समोर येतं. `Sign out` मात्र अजिबात करू नका. त्याने प्रोग्रॅमच बंद होतो आणि सेव्ह न केलेलं बिल जातं. काउंटरवरच्या माणसाला पासवर्ड माहीत नसेल, तर घरूनच स्क्रीन त्याच्याकडे उघडा सोपवता येतो. त्यासाठी रिमोटच्या आत कमांड प्रॉम्प्ट अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडून आधी सेशनचा नंबर बघायचा:

```
query session
```

ज्या ओळीच्या सुरुवातीला `>` आहे, तिच्या `ID` खालचा आकडा घ्यायचा. तो 2 असेल तर:

```
tscon 2 /dest:console
```

तुमचं कनेक्शन तुटेल आणि काउंटरचा स्क्रीन लॉक न होता परत येईल. तो उघडाच राहतो, म्हणून समोर आपला माणूस असेल तेव्हाच हे करा. आणि पॉवरचं बटण दाबून धरणं हा उपाय नव्हे, हे काउंटरवर बसणाऱ्या प्रत्येकाला सांगून ठेवा. डेटा लिहिला जात असताना वीज तोडली तर फाइल बिघडू शकते, मग भर गर्दीत दुरुस्ती करत बसावं लागतं. ती वेळ आलीच, तर दुरुस्तीचा पर्याय चालवण्याआधी डेटाच्या फोल्डरची एक प्रत बाजूला काढा.

मग काकांनी करायला काय हवं होतं? त्यांना कॉम्प्युटर चालवायचा नव्हता, एक आकडा हवा होता. माझ्या मते गर्दीच्या दिवशी सगळ्यात चांगला मार्ग म्हणजे काउंटरला हातच न लावणं. बिलिंग प्रोग्रॅम एकाहून जास्त कॉम्प्युटरवर चालणारा असेल आणि तसं लायसन्स असेल, तर मागच्या खोलीत एक जुना लॅपटॉप ठेवा, त्यावर प्रोग्रॅम चालू ठेवा आणि घरून फक्त त्या लॅपटॉपमध्ये शिरा. तिथे फक्त रिपोर्ट बघता येतील असं वेगळं युजर करा, म्हणजे घाईत बिल सेव्ह होण्याची सोयच उरत नाही. दुसरा कॉम्प्युटर नसेल, तर स्क्रीन शेअर करणारं अ‍ॅप वापरा. त्यात काउंटरचा स्क्रीन लॉक न होता तोच तुम्हालाही दिसतो. पण माउसही दोघांचा एकच होतो. त्यामुळे अ‍ॅपच्या परवानग्यांमध्ये कीबोर्ड आणि माउसचा ताबा बंद करा, फक्त बघणं चालू ठेवा. पुतण्या मोकळा झाला की फोनवर सांगायचं, "अरे, जरा आजच्या विक्रीचा रिपोर्ट उघड." त्याने उघडला की बघायचं आणि बाहेर पडायचं.

एक पळवाट मात्र धरू नका. डेटाचं फोल्डर क्लाउडला जोडून तीच फाइल घरी उघडणं सोपं वाटतं, पण बिलिंगची फाइल एकाच वेळी दोन ठिकाणी उघडली की दोन वेगळ्या प्रती तयार होतात. कोणती खरी, हे नंतर ठरवता येत नाही, आणि एकीतली बिलं दुसरीवर लिहिली जाऊन गायब होतात. क्लाउडवर दुकान बंद झाल्यावरची बॅकअप फाइल ठेवा, चालू डेटा नको.

घरून कनेक्शन लागत नाही म्हणून कोणीतरी राउटरमध्ये 3389 हा पोर्ट उघडून देतो, ती चूक शांतपणे घात करते. हा रिमोट डेस्कटॉपचा ठरलेला पोर्ट आहे आणि तो इंटरनेटवर उघडा दिसला की पासवर्ड ओळखून बघणारे प्रोग्रॅम येऊन धडकतात. आत शिरकाव झाला तर सगळ्या फाइल कुलूपबंद करून खंडणी मागितली जाते. दुकानाच्या कॉम्प्युटरवर `Event Viewer` मध्ये `Windows Logs`, मग `Security` उघडा. 4625 क्रमांकाच्या, म्हणजे फसलेल्या लॉगिनच्या, नोंदी रांगेने दिसत असतील आणि त्यात तुमच्याकडे नसलेली युजरनेम असतील, तर कोणीतरी दार वाजवतंय. पोर्ट लगेच बंद करा आणि पासवर्ड बदला. नोंदी नाहीत म्हणजे सगळं सुरक्षित, असा अर्थ मात्र काढू नका. पोर्ट उघडण्याऐवजी व्हीपीएन वापरा. टेलस्केलसारखं साधन दोन्हीकडे बसवलं की राउटरला हात लावावा लागत नाही. राउटरच्या पानावर WAN चा पत्ता 100.64 ते 100.127 यांपैकी कशाने सुरू होत असेल, तर पोर्ट उघडून उपयोगही नसतो, कारण तो पत्ता अनेक ग्राहकांत वाटलेला असतो.

बाकी अडचणी किरकोळ आहेत. विंडोजच्या Home आवृत्तीत बाहेरून रिमोट डेस्कटॉपने येता येत नाही. रोज वापरता तो चार आकडी पिन इथे चालत नाही, खात्याचा पूर्ण पासवर्ड लागतो. आणि दुपारी लागलेलं कनेक्शन संध्याकाळी लागत नसेल, तर मागच्या खोलीतला लॅपटॉप बहुधा झोपला आहे. तो चार्जरला जोडून, त्यावर अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून हे एकदा चालवा:

```
powercfg /change standby-timeout-ac 0
```

झाकण मिटल्यावर काय करायचं ते सेटिंग वेगळं असतं. तेही `Do nothing` वर ठेवा, नाहीतर दुकान झाडताना कोणीतरी झाकण लावलं की पुन्हा कनेक्शन बंद.

ही सगळी मांडणी सणाच्या आठवड्यात करू नका, आधीच्या एखाद्या मोकळ्या दुपारी करा. घरून जोडा, काउंटरवरच्या माणसाला त्याच वेळी एक खोटं बिल करायला लावा, ते दुकानाच्याच प्रिंटरवर येतं का बघा आणि मग ते रद्द करा.