पिकचे सूत्र: या चुका टाळा

आलेख कागदावर बहुभुजाकृती काढली आहे आणि तिचे सगळे शिरोबिंदू रेघांच्या छेदबिंदूंवर आहेत. अशा वेळी क्षेत्रफळ काढायला लांबी मोजावी लागत नाही, बिंदू मोजले की झाले. आतले छेदबिंदू I, सीमेवरचे B, आणि

`A = I + B/2 − 1`

जॉर्ज पिक या ऑस्ट्रियन गणितज्ञाने हे 1899 साली दिले. सूत्र पाठ व्हायला मिनिटही लागत नाही, पण उत्तरे मात्र चुकतात, आणि बहुतेक वेळा मोजणीतच चुकतात.

एक चौकोन घेऊ: (0,0), (6,3), (4,7), (0,5). पहिल्यांदा करणारा काय करतो? चार कोपरे मोजतो, डावीकडच्या उभ्या बाजूवरचे चार बिंदू ठळक दिसतात म्हणून तेही मोजतो, आणि B = 8 लिहितो. उरलेले 24 बिंदू आतले समजले, तर उत्तर येते 24 + 4 − 1 = 27. खरे क्षेत्रफळ आहे 25.

घोटाळा तिरक्या बाजूंवर आहे. (0,0) ते (6,3) या बाजूवर (2,1) आणि (4,2) हे बिंदू आहेत, पुढच्या बाजूवर (5,5) आणि वरच्या बाजूवर (2,6). हे चार सीमेवरचे, पण गेले आतल्यांत. सीमेवरच्या बिंदूचे मोल अर्धे, आतल्याचे पूर्ण, म्हणून दर बिंदूमागे अर्धा चौरस वाढला आणि एकूण 2 जास्त आले. हेच चार बिंदू कुठेच धरले नसते, तर 20 + 4 − 1 = 23 आले असते. म्हणजे उत्तर जास्त आले तर सीमेवरचे बिंदू आत शिरले असावेत आणि कमी आले तर मोजायचे राहिले असावेत, असा संशय आधी घ्यावा.

यावर उपाय: डोळ्यांवर विसंबू नका, मसावि काढा. बाजूच्या दोन टोकांच्या x-निर्देशकांतला फरक आणि y-निर्देशकांतला फरक घ्या (चिन्ह सोडून द्या), त्यांचा मसावि काढा. तेवढेच बिंदू त्या बाजूच्या खात्यावर, एक टोक धरून आणि दुसरे सोडून. आपल्या चौकोनात फरक आहेत 6 आणि 3, 2 आणि 4, 4 आणि 2, 0 आणि 5. मसावि अनुक्रमे 3, 2, 2, 5. (शून्य आणि 5 यांचा मसावि 5 धरायचा, इथे पुष्कळ जण अडखळतात.) बेरीज 12, म्हणून B = 12. एकच टोक धरल्यामुळे कोपरे दुबार मोजले जाण्याची भानगडही उरत नाही. बाजूगणिक दोन्ही टोके मोजली असती, तर B = 16 झाला असता आणि उत्तर पुन्हा 27. तेव्हा जास्त आलेले उत्तर दिसले की कोपऱ्यांकडेही एक नजर टाका.

उलटी चूकही होते. (0,0) ते (7,3) ही रेघ (5,2) च्या इतकी जवळून जाते की जाड पेन्सिलीने काढली तर तो बिंदू रेघेवरच वाटतो. पण 7 आणि 3 चा मसावि 1, म्हणजे टोकांखेरीज त्या रेघेवर छेदबिंदूच नाही.

आतले बिंदू उभ्या ओळींनी मोजा. x = 1 वर आकृती y = 0.5 पासून 5.5 पर्यंत आहे, म्हणून आत 5 बिंदू. x = 2 वर सीमा 1 आणि 6, म्हणून आत 4. पुढे 5, 4, 2. एकूण 20. आता 20 + 6 − 1 = 25. निर्देशकांच्या तिरप्या गुणाकारांनी ताळा करून पाहिला तरी 25 च येते.

एक पथ्य मात्र सूत्राचे स्वतःचे आहे: शिरोबिंदू छेदबिंदूंवरच हवेत. आलेख कागदाच्या एका घराएवढा चौरस अर्धे घर उजवीकडे आणि अर्धे घर वर सरकवा. आत एक बिंदू, सीमेवर एकही नाही, आणि सूत्र म्हणते क्षेत्रफळ शून्य! स्वतःलाच छेदणाऱ्या आकृतीलाही हे सूत्र लावू नये.

भोक असेल तर? 6 × 6 च्या चौरसातून मधला 2 × 2 चा चौरस कापा. उरते 36 − 4 = 32. बिंदू मोजा: बाहेरच्या सीमेवर 24, भोकाच्या काठावर 8, म्हणून B = 32; आत 25 − 9 = 16. सूत्राने येते 16 + 16 − 1 = 31. एक कमी पडला, कारण वजा 1 ही दुरुस्ती अखंड आकृतीसाठी आहे. सीमेला न टेकणाऱ्या प्रत्येक भोकामागे 1 मिळवा. इथे भोक एकच, म्हणून वजा 1 आणि अधिक 1 कटले, आणि 32 आले.

शेवटी एकक. नकाशावर घराची बाजू 5 मीटर असेल, तर 25 घरे म्हणजे 125 नव्हे, 625 चौरस मीटर.