क्वाडकॉप्टरचे ट्यूनिंग : बाहेरच्या लूपला दोष देण्याची चूक टाळा

हवेत स्थिर उभा राहायला हवा असलेला क्वाडकॉप्टर वाऱ्याची झुळूक लागताच रोलमध्ये संथपणे डोलू लागला, की बहुतेक जण आधी कोनाच्या लूपचा गेन कमी करतात. डोलणे खरोखरच थांबते, आणि म्हणूनच ही चूक बराच काळ लक्षात येत नाही.

आर्डूपायलट या उड्डाण-नियंत्रण सॉफ्टवेअरमध्ये कोनाचा आणि कोनीय वेगाचा असे दोन नियंत्रण-लूप एकात एक बसवलेले असतात. बाहेरचा लूप अपेक्षित कोन आणि प्रत्यक्ष कोन यांतील फरक पाहून किती वेगाने वळायचे ते ठरवतो. आतला लूप जायरोकडून प्रत्यक्ष कोनीय वेग घेऊन तो वेग गाठण्यासाठी मोटरांना आदेश देतो. बाहेरचा `ATC_ANG_RLL_P` मूळ ४.५ असतो, त्यामुळे कोनात १० अंशांची तफावत पडली तर आतल्या लूपकडे सेकंदाला ४५ अंशांची मागणी जाते. बाहेरचा लूप ही मागणी लगेच पुरी होईल असे गृहीत धरतो, आणि सगळा घोळ या गृहीतकातच आहे.

आतल्या लूपला मागणी गाठायला लागणारा विलंब ०.२ सेकंद आहे असे धरू. आतल्या लूपचा गेन, म्हणजे रेट P, फारच कमी ठेवला असेल, तर असे होऊ शकते. साध्या गणिताने पाहिले, तर ४.५ गेनवर कोन सुमारे १४ टक्के पुढे जाऊन परत येतो आणि हेलकाव्याचा एक फेरा साधारण दीड सेकंदाचा असतो. आता बाहेरचा गेन अर्धा केला, तर हे पुढे जाणे ३ टक्क्यांवर येते, पण ड्रोन आळशी होतो आणि झुळुकीने कलल्यावर सावकाश सरळ होतो. गेन ४.५ वरच ठेवून आतला विलंब ०.०४ सेकंदांवर आणला, तर कोन पुढे जातच नाही आणि प्रतिसादही चपळ राहतो. दोष आत होता. बाहेरचा गेन उतरवून आपण तो फक्त झाकला होता.

हे ओळखण्यासाठी अंदाज बांधण्याची गरज नाही. लॉगमध्ये `RATE.RDes` आणि `RATE.R` हे दोन आलेख एकमेकांवर ठेवावेत. प्रत्यक्ष वेगाचा आलेख मागणीच्या मागे स्पष्टपणे रेंगाळत असेल, तर `ATT.DesRoll` आणि `ATT.Roll` यांच्यातील फरकावरून कोणताही निष्कर्ष काढू नये. दोन्ही वेग एकमेकांना चिकटून चालत असतील आणि तरीही कोन मागे पडत किंवा पुढे जात असेल, तेव्हाच बाहेरच्या गेनला हात लावावा.

आतला लूप लावताना दुसरी चूक होते ती फिल्टरची. D घटक वेगातील बदलावर चालत असल्यामुळे तो पंख्यांची कंपनेही मोठी करतो. मोटर गरम होऊ लागल्या की लोक D चा फिल्टर फार खाली आणतात, पण प्रत्येक फिल्टर विलंब वाढवतो. २० हर्ट्झचा साधा फिल्टरसुद्धा सुमारे ८ मिलिसेकंद खातो. विलंब वाढला की D चे हेलकावे शमवण्याचे काम बिघडते, आणि मग P सुद्धा वाढवता येत नाही. १० इंची पंख्यांच्या ड्रोनसाठी सुरुवात अशी करता येते :

```
INS_GYRO_FILTER  40
ATC_RAT_RLL_FLTD 20
ATC_RAT_RLL_D    0.0036
ATC_RAT_RLL_P    0.135
ATC_RAT_RLL_I    0.135
ATC_ANG_RLL_P    4.5
```

मोकळ्या जागेत, कमी वाऱ्यात आणि पुरेशा उंचीवर आधी D पायरीपायरीने वाढवावा. बारीक, वेगवान थरथर दिसली किंवा ऐकू आली की ती पूर्ण थांबेपर्यंत D उतरवावा आणि मग आणखी सुमारे चतुर्थांश कमी करावा. त्यानंतर P साठी हेच करावे आणि साठत गेलेल्या तफावतीवर चालणारा I घटक P इतकाच ठेवावा. ही थरथर संथ डोलण्यापेक्षा अगदी वेगळी असते, आणि तिच्यावर बाहेरचा गेन बदलून सहसा काहीच फरक पडत नाही. पंखे काढून टेबलावर ट्यूनिंग करण्याचा तर काहीच उपयोग नाही, कारण ड्रोन हलतच नसल्यामुळे I साठत जातो आणि मोटरांचे वेग आपोआप सरकत राहतात.

गेन बदलण्यापूर्वी `RCOU` मधील चारही मोटरांचे आदेश मात्र जरूर पाहावेत. स्थिर उभे असतानाच एखादी मोटर कमाल मर्यादेला टेकत असेल, तर आतल्या लूपने कितीही मागितले तरी तिच्याकडे द्यायला काही उरलेले नसते. समोरासमोरच्या कोपऱ्यांतील दोन मोटर सतत वर आणि उरलेल्या दोन खाली दिसल्या, तर एखाद्या मोटरचा पाया किंचित पिळलेला असण्याची शक्यता मोठी असते. तो सरळ करून पुन्हा लॉग घ्यावा आणि मगच D पासून सुरुवात करावी.