मोहरमच्या दहा दिवसांसाठी शेजाऱ्यांनी करायची तयारी

पहिली तयारी कॅलेंडरची. छापील तारखेवर विसंबू नये, कारण महिना चंद्र दिसल्यावर सुरू होतो आणि दिवस सूर्यास्तापासून मोजला जातो; म्हणून दहाव्या तारखेची रात्र आदल्या संध्याकाळीच लागते. आपल्या पंचांगाची सवय असणाऱ्यांना एक खूण सांगतो. चंद्रकोर बहुधा शुद्ध प्रतिपदेला किंवा द्वितीयेला दिसते, त्यामुळे मोहरमची दहावी तारीख, म्हणजे आशुरा, नेहमी शुद्ध दशमी-एकादशीच्या आसपासच पडते. 17 जुलै 2024 आणि 6 जुलै 2025 या दोन्ही दिवशी आशुरा आणि आषाढी एकादशी एकत्र आल्या, तो निव्वळ योगायोग नव्हता. अधिक महिना आला की मात्र ही जोडी सुटते.

त्यानंतर शेजारच्या घरी मोहरम कोणत्या रीतीने पाळतात, ते नीट विचारून घ्यावे. सगळी चूक इथेच होते, कारण एकाच गल्लीत तीन रीती असू शकतात. बरीच सुन्नी कुटुंबे ताबूत-पंजांच्या वाटेला जात नाहीत, काहींना ते धर्मात बसत नाही असेही वाटते. ती नववा-दहावा किंवा दहावा-अकरावा असा दोन दिवसांचा रोजा धरतात. शिया कुटुंबांत हे दिवस शोकाचे असतात. हिजरी 61 साली, म्हणजे इ.स. 680 मध्ये, करबला येथे इमाम हुसैन शहीद झाले, त्याची आठवण मजलिस म्हणजे शोकसभा आणि मातम म्हणजे छाती पिटून केलेला शोक यांतून जागवली जाते. आशुऱ्याला दुपार उलटेपर्यंत अन्नपाणी न घेण्याला ते रोजा म्हणत नाहीत, फाका म्हणतात. बोहरा कुटुंबांचे कॅलेंडर गणिताने ठरलेले असल्याने त्यांचा आशुरा सहसा एक-दोन दिवस आधी येतो.

याचा अर्थ असा की कोणालाही ‘मोहरम मुबारक’ म्हणू नये आणि पेढे पाठवू नयेत. शिया घरी भेटायला जाताना भडक कपडे टाळावेत, आणि आपल्या साखरपुड्याचे आमंत्रण द्यायचे असेल तर थांबावे. त्यांचा शोककाळ दोन महिने आठ दिवस चालतो.

ताटाच्या वेळेबद्दलची चूक माझीच आहे. 2025 च्या एकादशीला मी दुपारी एक वाजता शेंगदाण्याचे लाडू आणि केळी घेऊन शेजारच्या भाभींकडे गेलो. आपला उपवास म्हणजे फराळ, हे डोक्यात पक्के बसलेले. त्यांनी ताट घेतले, वर स्टीलची परात पालथी घातली आणि म्हणाल्या, ‘मगरिबनंतर खाऊ, भाऊ.’ मगरिब म्हणजे सूर्यास्तानंतरची नमाज; तोवर रोज्यात पाण्याचा घोटही चालत नाही. तेव्हा ताट सूर्यास्ताच्या थोडे आधी पोहोचवावे, त्यात खजूर असावेत, आणि चहाचा आग्रह दिवसभर करू नये.

खेड्यातली तयारी वेगळी, आणि तिच्यात आपणच अर्धे यजमान असतो. बेळगाव भागातल्या कित्येक गावांत पीर बसतात, म्हणजे काठीवरचे धातूचे पंजे मांडले जातात, तेव्हा मराठा, लिंगायत घरांतलेही नवस बोललेले असतात. कोणी दहा दिवस फकीर होतो, कोणी अंगावर पट्टे रंगवून वाघाचे सोंग घेतो. सोंग दारात आले की नाणी हाताशी असावीत. पिरासमोर विस्तव पेटवतात त्या अलाव्याच्या खड्ड्याजवळ वाहन लावू नये, आणि त्यात घरचा कचरा तर मुळीच टाकू नये. दुसऱ्या दिवशी वरची राख काळी दिसली तरी आत निखारा धगधगत असतो, म्हणून मुलांना कडेला उभे करू नये. पंजाला आपण होऊन हात लावू नये: नारळ, ऊद, साखर मुजावराच्या हाती द्यावी. नैवेद्याला चोंगे हवेत म्हणून बायका गव्हाची जाडसर पोळी ठसा उमटवून तळतात आणि वर गूळ घालतात. मिळालेला चोंगा घरी आणून वाटून खावा, नाकारू नये.

कत्तलच्या रात्री, म्हणजे दहावा दिवस उजाडण्याआधीच्या रात्री, ढोल उशिरापर्यंत चालतील हे आजारी माणसांना आधीच सांगून ठेवावे. सवारीच्या वाटेवरच्या लोंबत्या वायरी व कपड्यांच्या दोऱ्या आदल्या दिवशीच वर बांधाव्यात, कारण पंजाची काठी उंच असते आणि धरणारा वर पाहत नसतो. शेवटी कागदी डोले, म्हणजे ताबूत, पाण्यात सोडून थंड करतात. धातूचे पंजे मात्र धुऊन, कापडात गुंडाळून पुढच्या वर्षासाठी पेटीत ठेवतात. ती पेटी बंद होईपर्यंत फोटोसाठी पुढे जाऊ नये; काढायचाच असेल तर मुजावराला विचारावे.