नुसतं ‘आऽऽऽ’ आठवतंय आणि गाणं सापडत नाही? मग या चुका टाळा

नाशिकला रविवार कारंजाजवळ माझं कॅसेट भरून द्यायचं दुकान होतं. लोक वहीच्या कागदावर गाण्यांची यादी आणायचे आणि यादीच्या तळाशी हमखास लिहिलेलं असायचं, ‘एक गाणं तोंडी सांगतो.’ मग काउंटरवर टेकून गुणगुणणं सुरू. दुकान बंद झालं, कॅसेटी भंगारात गेल्या, पण गुणगुणणारे काही थांबले नाहीत. आता ते व्हॉट्सअॅपवर व्हॉइस नोट टाकतात. चुका मात्र जुन्याच आहेत, आणि त्या ऐकून ऐकून माझे कान किटलेत.

पहिली चूक फोनवाल्यांची. शझाम अॅपसमोर गुणगुणायचं आणि ‘काही सापडत नाही हो’ म्हणायचं. अहो, सापडणारच नाही. शझाम गाण्याची चाल ओळखत नाही, ते ध्वनिमुद्रण ओळखतं. त्या ठरावीक रेकॉर्डिंगमधल्या ठळक ध्वनींचा नकाशा त्याच्याकडे असतो आणि समोर वाजणारा आवाज त्या नकाशाशी जुळतो का, एवढंच ते बघतं. तुमच्या गळ्यातून निघालेलं ‘हंऽऽ’ त्या नकाशात कुठून असणार? रिक्षात, लग्नाच्या हॉलमध्ये मूळ गाणं वाजत असेल तर शझाम लावा. गुणगुणायचं असेल तर गूगलच्या अॅपमधल्या माइकवर जा. तिथे ही सोय 2020 पासून आहे. ते वाद्यं, आवाजाचा पोत सगळं बाजूला काढून फक्त सुरांची चढउतार बघतं, म्हणून पट्टी चुकली तरी बिघडत नाही. दहा-पंधरा सेकंद सलग गुणगुणावं लागतं.

इथे लोक दोन घोळ घालतात. एक म्हणजे मींड, हरकती, मुरक्या सगळं घेऊन लांबलचक ‘आ’ लावतात. एक सूर कुठे संपला आणि दुसरा कुठे सुरू झाला हे माणसालाही कळत नाही, मग यंत्राला काय कळणार! मी ‘ता ता’ करून गातो. प्रत्येक सुराला वेगळा ‘ता’, मधल्या मुरक्या सरळ गाळून. ऐकायला भिकार वाटतं, पण काम होतं. दुसरा घोळ टक्केवारीचा. निकालाशेजारी किती टक्के जुळलं ते येतं. पंधरा-वीस टक्क्यांचं पहिलं नाव बघून लोक ‘सापडलं!’ म्हणून नाचतात. तो आकडा निम्म्याच्या खाली असेल तर मी ते नाव वाचतसुद्धा नाही, पुन्हा गातो.

आता मला सगळ्यात जास्त चीड आणणारी चूक. नुसता आलाप गाऊन थांबणं, आणि ‘त्याला शब्दच नव्हते’ असं छातीठोकपणे सांगणं.

इंदिरानगरच्या एका बाई सासूबाईंच्या पंच्याहत्तरीसाठी गाणं शोधत होत्या. सासूबाई स्वयंपाकघरात एक चाल गुणगुणतात, ती कार्यक्रमात वाजवायची. घरातल्या पोरांनी अॅपवर पाचपन्नास गाणी काढली होती आणि एकही आजींना पटत नव्हतं. ‘काका, आलाप आहे, संथ आहे, ठेका नाही, शब्द नाहीत.’ व्हॉइस नोटवर सुनेनंच गायलं होतं, म्हणजे सासूच्या आठवणीची सुनेनं केलेली नक्कल. यातून काही निघत नाही. म्हटलं, आजींनाच फोन द्या. मग म्हटलं, नाही, मीच येतो.

आजींनी डोळे मिटून गायलं. दोन गोष्टी लगेच कानात भरल्या. त्यांचे सूर एका ‘आ’वर घरंगळत नव्हते, प्रत्येक सूर सुटा पडत होता. आणि पहिला तुकडा जेवढा लांब, जवळजवळ तेवढाच दुसरा. खरा आलाप असा मोजूनमापून समान तुकड्यांत येत नाही. असं ऐकू आलं की मी समजतो, इथे शब्द होते, शेराच्या दोन ओळी होत्या, आणि आठवणीतून शब्द गळून चाल तेवढी उरलीय. जुन्या हिंदी गाण्यांत मुखड्याआधी असा बिनठेक्याचा शेर कितीतरी वेळा येतो. बोटावर एकेक सूर मोजून बघा. नीट मोजता आला तर शब्द होते.

‘आजी, पुढे काय येतं?’

‘पुढे नाही आठवत रे.’

‘आठवू नका. नुसतं गात राहा.’

त्या पुन्हा सुरुवातीपासून गायल्या आणि नेहमीच्या जागी थांबल्या. पण थांबताना त्यांचा हात मांडीवर पडायला लागला होता. म्हणजे ठेका तिथून सुरू होतो हे हाताला ठाऊक होतं. म्हटलं, हात चालू ठेवा, गाऊ नका. थोड्या वेळानं त्याच म्हणाल्या, ‘मग ती एकच एक म्हणत राहते. तेच तेच, परत परत.’ मी विचारलं, आवाज कसा होता? ‘लांबून येतो. हळूहळू जवळ येतो.’ आणि पडद्यावर? लहानपणी सिन्नरकडे जत्रेत तंबूतला सिनेमा पाहिला होता. ‘बाई झोपाळ्यावर होती.’

आता सांगा, अवघड काय राहिलं? ‘आएगा आनेवाला’! 1949 चा ‘महल’, झोपाळ्यावर मधुबाला, खेमचंद प्रकाश यांचं संगीत. ‘आएगा’ हा शब्द पुन्हा पुन्हा घेत सुरू होणारा मुखडा सुनेलाही पाठ होता. फक्त त्याच्याआधी ‘ख़ामोश है ज़माना’ने सुरू होणारा संथ शेर आहे, हे घरात कुणाच्या लक्षात नव्हतं. आजींना नेमका तेवढाच भाग आठवत होता, तोही शब्दांवाचून. आवाज लांबून येतो हा त्यांचा भासही नव्हता. रेकॉर्डिंगच्या वेळी लताबाईंनी माइकपासून दूर उभं राहून गात गात जवळ यायचं, असं केलं होतं.

या सगळ्यात अॅपचा दोष फारसा नाही. पोरांनी त्याला सुरुवातीचा बिनठेक्याचा भाग दिला, तोही तिसऱ्या माणसाच्या तोंडून. लोक गाणं गुणगुणतात ते मुखड्यापासून, गाण्यांच्या याद्याही मुखड्याच्या पहिल्या शब्दावर लावलेल्या असतात. म्हणून आलाप संपून ठेका सुरू होतो तो सांधा गाठायचाच. मुखड्याचे चार सूर हाती लागले तरी अर्ध्या मिनिटाच्या आलापापेक्षा ते जास्त कामाचे. आणि सूर आठवत नसतील तर प्रश्न विचारा: ठेका कधी येतो, बाईचा आवाज की पुरुषाचा, एकट्याचा की मागे कोरस, कुठे ऐकलं, पडद्यावर काय होतं. हे विचारायला पाच मिनिटं लागतात. पण पाच मिनिटं कुणाला आहेत? सगळ्यांना बटण दाबून गाणं हवंय.

या गाण्याची आणखी एक गंमत. त्याच्या मूळ तबकडीवर गायिका म्हणून ‘कामिनी’ छापलं होतं, म्हणजे चित्रपटातल्या पात्राचं नाव. तेव्हा जुन्या गाण्याचा शोध फक्त गायकाच्या नावावर अडवून ठेवू नका.

आणखी एक मोठी चूक थोडंफार गाणं शिकलेल्यांची. आलाप ऐकला की हे लोक राग सांगतात आणि रागावरून गाणं. पिंपळपारावर पाडवा पहाटेला माझ्या शेजारी असा एक सद्गृहस्थ नेहमी बसतो. राग कळला म्हणजे गाणं कळलं असं नाही. आलापात रागाची ओळख होते, चालीची नाही. शिवरंजनीचंच घ्या: ‘जाने कहाँ गए वो दिन’ (1970), ‘मेरे नैना सावन भादों’ (1976), ‘तेरे मेरे बीच में’ (1981). तिन्ही त्याच रागातली, पण संगीतकार वेगळे, चाली वेगळ्या. रागावरून यादी आखूड होते, एवढाच त्याचा उपयोग.

त्यातही राग चुकीचा लागला तर यादीच चुकीची. भूप रागात सा, रे, ग, प, ध हे पाच सूर. शिवरंजनीत हेच पाच, फक्त ग कोमल. स्वयंपाक करता करता गुणगुणणाऱ्या माणसाचा गंधार जरासा खाली गेला की भूपाचा शिवरंजनी झालाच, आणि मग शोधणारे प्रसन्न गाण्याच्या मागे न लागता रडक्या गाण्यांच्या मागे लागतात. मी पेटी काढतो. गाणाऱ्याचा सा पेटीवर धरायचा आणि तिथून काळ्या-पांढऱ्या सगळ्या पट्ट्या मोजत वर जायचं. सा न मोजता तिसरी पट्टी कोमल ग, चौथी शुद्ध. दोन्ही वाजवून त्यालाच विचारायचं, यातला तुझा कोणता? गळा चुकतो, पण वाजवून दाखवलं की कान सहसा बरोबर निवडतो. पेटी नसेल तर फोनवर पियानोचं कुठलंही फुकट अॅप चालतं.

बाकीच्या चुका थोडक्यात.

आपलं गुणगुणणं रेकॉर्ड न करता आधी दुसऱ्यांच्या सूचना ऐकू नका. चार गाणी ऐकलीत की तुमची चाल त्यांच्यासारखी वळते आणि मूळ चाल गेली ती गेलीच. मी तर कुणी नाव सुचवायच्या आत ‘थांब’ म्हणतो आणि आधी फोनवर रेकॉर्ड करतो.

गाणं सापडलं पण सुरुवातीचा आलाप त्यात नाही, म्हणून ते सोडून देऊ नका. जुन्या 78 च्या तबकडीच्या एका बाजूला तीन-सव्वातीन मिनिटं मावायची, त्यामुळे चित्रपटातलं गाणं आणि तबकडीवरचं गाणं यांत फरक असायचा. नुसत्या ऑडिओवर न थांबता चित्रपटातला तुकडा बघा.

झंकार बीट्सवाल्या कॅसेटीवर वाढलेल्यांनी आपल्या आठवणीतल्या ठेक्यावर फार विसंबू नये. त्यात बिनठेक्याच्या सुरुवातीवरही ढोलकं बडवलेलं असायचं.

नव्या गायकानं पुन्हा म्हटलेलं गाणं असेल तर त्यातला आलाप त्या गायकाचा स्वतःचा असू शकतो. मूळ गाण्यात तो शोधून सापडणार नाही.

आणि सगळं करूनही ठेका येत नसेल, मुखडा येत नसेल, चाल तिथल्या तिथेच फिरत असेल, तर ते गाणं नसेलच. कितीतरी चित्रपटांत नायिकेच्या एंट्रीला किंवा एखाद्या दुःखद प्रसंगाला मागे नुसता आलाप वाजतो, तो गाण्यांच्या कॅसेटवर कधी आलेलाच नसतो. अशा वेळी गाण्यांच्या याद्या बंद करा, त्या माणसाला चित्रपटाची गोष्ट विचारा, आणि चित्रपट लावून तो प्रसंग येईपर्यंत बघत बसा.